फरक जुना, कर आजचा: सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची पार्श्वभूमी

वेतनवाढ मागच्या तारखेपासून लागू झाली की मधल्या महिन्यांचा फरक देणे लागतो. तो कसा द्यायचा, हे मात्र दर वेळी सरकार ठरवते. सहाव्या आयोगाच्या वेळी केंद्राने 1 जानेवारी 2006 पासूनचा फरक दोन भागांत दिला: 40 टक्के 2008-09 मध्ये आणि उरलेला 60 टक्के पुढच्या वर्षी. सातव्याच्या वेळी तो 2016 मध्येच एकरकमी मिळाला. महाराष्ट्राने सातवा आयोग 2019 मध्ये लागू केला आणि 1 जानेवारी 2016 ते 31 डिसेंबर 2018 या 36 महिन्यांचा फरक पाच समान वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरवले. 2020 चा हप्ता कोरोनामुळे लांबला, त्यामुळे सगळेच पुढे सरकले.

कराचा प्रश्न इथूनच सुरू होतो. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 15 प्रमाणे, आधी कर न लागलेली थकबाकी ज्या वर्षी मिळते त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते. पगार वाढलेला, टप्पा वरचा, आणि त्यात जुन्या वर्षांची कमाई येऊन पडते. हा अन्याय दूर करण्यासाठी कलम 89 आहे. जादा बसलेला कर त्यातून सवलत म्हणून वजा होतो. पण ही सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

एक उदाहरण घेऊ. जुने मूळ वेतन 15,600 रुपये होते. 125 टक्के महागाई भत्त्यासह ते 35,100 होत असे. सातव्या आयोगाच्या सूत्राप्रमाणे जुने मूळ वेतन 2.57 ने गुणल्यावर नवे वेतन 40,092 होते, म्हणजे महिना साधारण 5,000 रुपयांचा फरक. पुढचे महागाई भत्ते आणि वेतनवाढी बाजूला ठेवल्या, तर 36 महिन्यांचे 1,80,000 आणि एक हप्ता 36,000 रुपये. भविष्य निर्वाह निधीचा सभासद असलेल्या कर्मचाऱ्याचा हप्ता थेट निधीत जमा झाला. हातात काहीच आले नाही, पण करपात्र उत्पन्नात रक्कम धरली गेली आणि टीडीएस चालू पगारातून कापला गेला. त्या महिन्याचा निव्वळ पगार का घटला, याचे उत्तर बहुतेकदा हेच असते. जुन्या करपद्धतीत ही जमा 80सी मध्ये दाखवता येते, पण दीड लाखाच्या मर्यादेतच. मर्यादा आधीच भरली असेल तर तिचा उपयोग नाही.

समजा, 2023-24 मध्ये मिळालेला हप्ता 20 टक्क्यांच्या टप्प्यात पडला. 4 टक्के उपकरासह त्यावर 7,488 रुपये कर बसतो. आता तोच हप्ता मूळ वर्षांत वाटू. पाच हप्त्यांपैकी एक म्हणजे दर महिन्याचे 1,000 रुपये. 2015-16 च्या वाट्याला तीन महिने येतात, पुढच्या दोन वर्षांना बारा-बारा आणि 2018-19 ला नऊ. त्या वर्षांत करपात्र उत्पन्न चार ते साडेचार लाख असेल, तर पहिल्या दोन वर्षांच्या 15,000 वर 10 टक्के दराने 1,545, 2017-18 च्या 12,000 वर 5 टक्के दराने 618 आणि शेवटच्या 9,000 वर 468 रुपये. तेव्हाचा उपकर पहिल्या तीन वर्षांत 3 टक्के आणि 2018-19 ला 4 टक्के होता, तोही धरला आहे. बेरीज 2,631. सवलत 4,857 रुपये.

यासाठी आयकर पोर्टलवर फॉर्म 10E विवरणपत्राआधी भरावा लागतो. कर निर्धारण वर्ष हप्ता मिळाल्याचे निवडायचे, इथे 2024-25. जुनी वर्षे परिशिष्टाच्या तक्त्यात येतात. हा फॉर्म न भरता विवरणपत्रात सवलत दाखवली, तर आयकर खात्याच्या कलम 143(1) च्या सूचनेत ती नाकारली जाते आणि मागणी निघते. नव्या करपद्धतीतही सवलत मिळते, पण आजचा दर कमी असल्यामुळे ती शून्य येऊ शकते.

म्हणून वेतनचिठ्ठीवर फरक वेगळ्या ओळीत हवा. तो चालू मूळ वेतनात मिसळला, तर वेतनप्रणाली उरलेल्या प्रत्येक महिन्यात तेवढाच पगार धरून वर्षाचा अंदाज फुगवते आणि कपात अवाजवी होते. शिवाय महिनावार फरक तक्ता कार्यालयाकडून मागून घ्यावा. फॉर्म 16 मध्ये थकबाकी एकूण पगारात मिळून जाते, तिचे वर्षवार वाटप त्यावरून कळत नाही. हा तक्ता नसेल, तर 10E मधले आकडे अंदाजाने भरले जातात.

1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे. तिथे कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. वर दिलेले क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत.