कंडेन्स्ड मिल्क आणि इव्हॅपोरेटेड मिल्क

कंडेन्स्ड मिल्क आणि इव्हॅपोरेटेड मिल्क ही दोन्ही पाणी उडवून दाट केलेली दुधे. पहिल्यात वरून भरपूर साखर घातलेली असते, दुसऱ्यात अजिबात नसते. या एका फरकामुळे दोन्हींचे टिकणे, दाटपणा आणि स्वयंपाकातले काम वेगवेगळे होते. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कंडेन्स्ड मिल्कचा डबा कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो. इव्हॅपोरेटेड मिल्क मात्र आयात माल ठेवणाऱ्या मोजक्या दुकानांत शोधावे लागते. परदेशी पाककृती वाचून केक किंवा पुडिंग करणारे म्हणूनच एकाच्या जागी दुसरे वापरतात, आणि तिथेच गडबड होते.

इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणजे साधे आटवलेले दूध, डब्यात बंद करून नंतर कडक तापवलेले. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार त्यात दुधाचे घनपदार्थ किमान 25 टक्के आणि त्यांपैकी स्निग्धांश 7.5 टक्के असावा लागतो. बाकी बहुतेक पाणीच असते, त्यामुळे ते सायीसारखे ओतता येते. त्याला टिकवणारी गोष्ट म्हणजे उष्णता. सीलबंद डबे 115 अंश सेल्सिअसच्या वर तापवून आतले जंतू मारलेले असतात. डबा फोडला की हे संरक्षण संपते आणि ते दूध घरच्या दुधाइतकेच नाजूक होते. फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधाचे घनपदार्थ किमान 28 टक्के, स्निग्धांश किमान 8 टक्के आणि साखर साधारण 42 ते 45 टक्के असते. पाणी जेमतेम चौथा हिस्सा उरते. हे दूध डब्यात भरल्यावर पुन्हा तापवावे लागत नाही, कारण त्याला साखर टिकवते. उरलेल्या पाण्यात इतकी साखर विरघळलेली असते की बहुतेक जंतूंना वाढीसाठी मोकळे पाणीच मिळत नाही. मुरांबा टिकतो त्याचेही कारण हेच. दुग्धव्यवसायातले लोक यासाठी एक प्रमाण सांभाळतात: साखर आणि पाणी मिळून जे वजन होईल, त्यात साखर 62.5 ते 64.5 टक्के असावी. त्याखाली गेले तर दूध खराब होण्याची भीती, वर गेले तर साखरेचे खडे धरण्याची. घरी कृती करतानाही हाच आकडा कामाला येतो.

इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेत गेल बोर्डन यांनी 1856 मध्ये निर्वात भांड्यात दूध आटवण्याचे पेटंट मिळवले आणि साखर घातलेले डबाबंद दूध व्यापारात आले. बिनसाखरेचे दूध टिकवण्याची रीत जॉन मायेनबर्ग यांची, पेटंट 1884 चे. निर्वातात दूध 70 अंशांच्याही खाली उकळते, म्हणून कारखान्यातले दूध पांढुरके राहते. घरी कढईत ते शंभर अंशांच्या आसपास तासभर असते, तेव्हा त्याला बासुंदीसारखा पिवळसर-बदामी रंग आणि आटवलेल्या दुधाचा वास येणारच. तो दोष मानण्याचे कारण नाही. डब्यासारखे पांढरे घरी होत नाही, एवढे आधीच समजून घ्यावे.

साखर मिसळून भागत का नाही

इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये साखर ढवळली की कंडेन्स्ड मिल्क होते, असा समज सर्रास आढळतो. हिशोब मांडला तर तो टिकत नाही. 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधाचे घनपदार्थ सुमारे 115 ग्रॅम, साखर 180 ग्रॅम आणि पाणी 105 ग्रॅम असते. इव्हॅपोरेटेड मिल्कमधून तेवढेच घनपदार्थ मिळवायचे तर ते 460 ग्रॅम घ्यावे लागेल, आणि त्याबरोबर जवळपास 345 ग्रॅम पाणी येईल. म्हणजे साखर घातल्यावरही 240 ग्रॅम पाणी उडवायचे शिल्लकच. हे न करता तसेच मिश्रण बर्फीत किंवा नारळाच्या वडीत घातले तर वडी पडत नाही, परतत बसावे लागते. उलट अदलाबदल करून सूपमध्ये किंवा पास्त्याच्या सॉसमध्ये कंडेन्स्ड मिल्क घातले तर पदार्थ वाया जातो, त्यावर उपाय नाही.

घरी करताना

घरगुती कृतीत बहुतेकदा ‘दूध निम्मे होईपर्यंत आटवा’ एवढेच सांगितलेले असते. निम्मे कशाचे, साखर धरून की सोडून, हे कोणी सांगत नाही. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा वजनकाट्यावर जाणे बरे. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांकडे तो असतोच.

उदाहरणासाठी 1 लिटर फुल क्रीम पिशवीचे दूध घेऊ. या दुधात 6 टक्के स्निग्धांश आणि 9 टक्के इतर घनपदार्थ असतात. लिटरभर दुधाचे वजन सुमारे 1,030 ग्रॅम, म्हणजे त्यात घनपदार्थ 154 ग्रॅम. त्याला साखर 235 ग्रॅम घ्यायची आणि एकूण वजन 530 ग्रॅमवर आले की थांबायचे. तेव्हा पाणी साधारण 141 ग्रॅम उरते, आणि साखरेचे प्रमाण बरोबर 62.5 टक्क्यांवर बसते. टोन्ड दूध असेल (3 आणि 8.5 टक्के) तर लिटरला साखर 190 ग्रॅम आणि थांबायचे वजन 420 ग्रॅम. ते थोडे कमी सायीचे होते, पण चालते. डबल टोन्डच्या वाटेला जाऊ नये. गॅस जास्त जळतो आणि चवीला काही उरत नाही.

जाड बुडाची पसरट कढई आणि ढवळायचे उलथने यांचे एकत्र वजन आधी करून लिहून ठेवावे. समजा ते 1,240 ग्रॅम भरले, तर शेवटी काट्यावर 1,770 दिसले पाहिजेत. गरम कढई ठेवण्यासाठी काट्यावर लाकडी पाट ठेवून तो शून्य करून घ्यावा, नाहीतर काट्याचे प्लॅस्टिक वितळते.

दूध उकळी आणून मध्यम आचेवर आटवावे. कडेला चिकटणारी साय दर दोन मिनिटांनी खरवडून परत दुधात मोडावी. ती तशीच राहिली तर वाळून तिचे कपटे होतात आणि ते शेवटपर्यंत विरत नाहीत. दुधाचे वजन 600 ग्रॅमच्या आसपास आले की साखर घालायची. (हाच टप्पा घरच्या इव्हॅपोरेटेड मिल्कचा, ते हवे असेल तर इथेच थांबून गाळून घ्यावे.) साखर सुरुवातीला घालत नाहीत याला कारण आहे. पाक झालेले दूध सावकाश आटते आणि बुडाला लवकर लागते. साखर पडताच दूध पुन्हा पातळ दिसू लागेल, घाबरू नये. इथून आच मंद ठेवायची आणि उलथने हातातून सोडायचे नाही. पसरट कढईत सगळे मिळून पाऊण ते एक तास लागतो.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या दहा मिनिटांत होते. डब्यातले दूध गार असताना जितके दाट असते तितके कढईतले गरम असताना दिसेपर्यंत लोक थांबतात. गार झाल्यावर त्याचा पेढा होतो. वजन 530 ग्रॅम असताना ते बऱ्यापैकी पातळ, बासुंदीइतकेच दिसते आणि तिथेच गॅस बंद करायचा असतो. 480 पर्यंत नेले तर साखरेचे प्रमाण 72 टक्क्यांपर्यंत चढते. इतकी साखर तेवढ्या पाण्यात विरघळलेली राहूच शकत नाही, ती दोन दिवसांत बरणीच्या तळाशी खडे धरते. तसे झाले तर मोजून 50 ग्रॅम दूध घालून मंद आचेवर एक उकळी आणावी. काटा नसेल तर गार स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकावा. अर्ध्या मिनिटाने बोट फिरवले की रेघ क्षणभर राहून मिटली पाहिजे.

दूध फाटणे ही दुसरी अडचण, आणि ठाण्या-मुंबईच्या हवेत ती मुख्यतः दुधाच्या वयाशी जोडलेली आहे. पहाटे दाराला लावलेल्या पिशवीत आठ वाजेपर्यंत लोंबकळलेले दूध चहाला ठीक लागते, साध्या उकळीतही फाटत नाही. मात्र आटताना आम्लता आणि क्षार दोन्ही दाट होत जातात, आणि निम्म्यावर आल्यावर त्यात बारीक कणी दिसू लागते. मे महिन्यात तर हे नेहमीचे. दूध आणताच फ्रीजमध्ये ठेवावे आणि त्याच दिवशी आटवावे. शंका असेल तर लिटरला अर्धी चिमूट खाण्याचा सोडा सुरुवातीलाच घालतात, त्याने आम्लता मारली जाते. जास्त पडला तर रंग तपकिरी होतो आणि साबणासारखी चव येते, म्हणून ताज्या दुधाला सोडा नकोच.

उरते ती जिभेला लागणारी वाळूसारखी रवाळी. ही उसाच्या साखरेची नसून दुधातल्या साखरेची, लॅक्टोजची असते. वरच्या उदाहरणात 141 ग्रॅम पाण्यात जवळजवळ 50 ग्रॅम लॅक्टोज आहे आणि ते सगळे विरघळून राहणे शक्य नाही, स्फटिक होणारच. डब्यातल्या दुधातही ते असतात, पण इतके बारीक की जिभेला कळत नाहीत. कारखान्यात दूध गार होताना लॅक्टोजची बारीक भुकटी मिसळून सतत ढवळतात, त्यामुळे मोजक्या मोठ्या खड्यांऐवजी असंख्य सूक्ष्म कण बनतात. घरी याची नक्कल करता येते. कढई पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत गार करावी, हाताला कोमटही लागेनासे झाले की विकतच्या डब्यातले चमचाभर कंडेन्स्ड मिल्क विरजणासारखे घालावे आणि पंधरा मिनिटे ढवळत राहावे. नुसते झाकून फ्रीजमध्ये ढकललेले दूध आठवड्याभरात रवाळ होते. असे दूध वाया जात नाही, आइस्क्रीमला नसले तरी खरवस किंवा केकला चालते.

भरताना बरणी उकळून पूर्ण कोरडी केलेली हवी, आणि दूध पुरते गार होईपर्यंत झाकण लावायचे नाही, वर फडके बांधावे. गरमच झाकले तर झाकणाखाली वाफ धरते, थेंब वर पडतात आणि तेवढ्या थरात साखर पातळ होते. बुरशी नेमकी तिथे येते. पावसाळ्यात ओला चमचा बुडवला तरी तेच. बुरशीचा ठिपका दिसल्यावर वरचा थर काढून उरलेले वापरू नये, सगळे टाकावे. साखरेचे प्रमाण सांभाळले असले तरी घरचे दूध डब्याइतके निर्जंतुक वातावरणात भरलेले नसते, म्हणून ते फ्रीजमध्येच ठेवावे आणि दोन आठवड्यांत संपवावे.

चीक न मिळाल्यास करतात त्या खरवसासाठी हे दूध, साधे दूध आणि घट्ट दही समप्रमाणात घेऊन वीस मिनिटे वाफवतात. त्यात घरचे आणि डब्यातले यांत फरक पडतो तो रंगाचा. बिनअंड्याच्या केकला वापरताना मात्र दूध आटवताना सोडा घातला होता का ते लक्षात ठेवावे, आणि घातला असेल तर केकमधला सोडा किंचित कमी करावा.