फूट ड्रॉपमधील नर्व्ह कंडक्शन रिपोर्ट

चालताना पाऊल घोट्यापासून वर उचलता न येणे आणि चवडा जमिनीला घासणे याला फूट ड्रॉप म्हणतात. नस कमरेतून निघते तिथे (एल-५ मूळ), मांडीत (सायटिक नस) किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला (पेरोनियल नस) कुठेही दुखावली, तरी पाऊल सारखेच लोंबते. यांपैकी जागा कोणती, हे नर्व्ह कंडक्शन चाचणीच्या रिपोर्टमधून काढायचे असते.

सांगली जिल्ह्यात हळद, सोयाबीनच्या रानात भांगलण दिवसभर उकिडवे बसून चालते. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाताला लागणारे हाडाचे टोक म्हणजे फिब्युलाचे डोके. पेरोनियल नस त्याच्या खालच्या मानेला वळसा घालून जाते आणि तिथे ती हाड व कातडी यांच्यामध्ये जवळजवळ उघडीच असते. बराच वेळ असे बसल्यावर ती दाबली जाते. समजा, अशीच एक भांगलणारी बाई उजवे पाऊल पडल्यावर तीन आठवड्यांनी मिरजेत तपासणीला आली. कंबर दुखत नाही, पावलाच्या वरच्या बाजूला थोडी बधिरता आहे.

रिपोर्टमध्ये आधी पेरोनियल मोटरच्या, म्हणजे नस स्नायूला संदेश कसा पोचवते याच्या ओळी पाहाव्यात. पावलावरच्या ईडीबी या छोट्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून नसेला घोटा, फिब्युलाच्या डोक्याखाली आणि डोक्याच्या वर अशा तीन ठिकाणी शॉक देतात. प्रत्येक शॉकला स्नायू किती मोठा प्रतिसाद देतो, ते मिलीव्होल्टमध्ये मोजतात. या बाईचे आकडे असे: घोट्याला ४.१ मिलीव्होल्ट, डोक्याखाली ३.८, डोक्यावर १.२. खालच्या तुकड्यात वेग सेकंदाला ४६ मीटर, डोक्यापाशी २७. नस खाली शाबूत आहे, पण वरून आलेल्या संदेशाचा बराचसा भाग डोक्यापाशीच अडतो. याला कंडक्शन ब्लॉक म्हणतात. इथे मुख्यतः नसेचे आवरण बिघडलेले असते, आतला तंतू तुटलेला नसतो. म्हणून दाब थांबला तर ताकद साधारणपणे काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत परत येते. माझ्या मते रिपोर्टमधील सर्वांत मोलाची ओळ हीच. केवळ ईडीबीवर मात्र विसंबू नये. वय झालेल्यांत तो स्नायू मुळातच वाळलेला असू शकतो. पाऊल उचलण्याचे मुख्य काम टिबियालिस अँटीरियरचे, म्हणून त्याच्यावरचीही नोंद घ्यावी.

मग सेन्सरी, म्हणजे संवेदनेचा भाग. पावलाच्या वरच्या बाजूची संवेदना नेणाऱ्या सुपरफिशियल पेरोनियल या शाखेचा संकेत या बाईत चांगला येतो, तरीही पावलाला बधिरता आहे. यात विसंगती नाही. हा शॉक आणि त्याची नोंद दोन्ही ब्लॉकच्या खाली होतात, त्यामुळे खालचा तंतू जिवंत असेल तर संकेत नीटच येणार. मात्र म्हणूनच हा नॉर्मल आकडा एकटा पाहिला तर फसवतो. एल-५ मुळाच्या दाबातही तो नॉर्मलच असतो, कारण संवेदनेच्या पेशी मुळाच्या गाठीत असतात आणि दुखापत त्यांच्या आतल्या, कण्याकडच्या बाजूला होते. दोन्हींत फरक पाडतो तो मोटर भाग: मुळाच्या आजारात आकडे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सारखेच कमी किंवा नॉर्मल असतात, डोक्यापाशी अचानक घसरत नाहीत. असा रिपोर्ट आला की ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातील विद्युत हालचाल पाहण्याची चाचणी हवीच. टिबियालिस पोस्टीरियर आणि ग्लूटियस मेडियस हे एल-५ चे स्नायू असले तरी पेरोनियलचे नाहीत. तिथे बिघाड दिसला तर दुखापतीची जागा गुडघ्याच्या वर शोधावी.

सुपरफिशियल पेरोनियलसोबत पोटरीमागून जाणाऱ्या सुरल या संवेदनेच्या नसेचा संकेतही कमी असेल आणि सायटिकच्याच दुसऱ्या शाखेची, टिबियल नसेची मोटर नोंदही पडली असेल, तर संशय सायटिक नसेवर जातो. अशा वेळी सुई मांडीमागच्या बायसेप्स फेमोरिस स्नायूच्या शॉर्ट हेड या भागात घालतात; मांडीत सायटिकच्या पेरोनियल भागाकडून चालणारा तो एकटाच स्नायू. दोन्ही पायांत सारखेच आकडे पडले असतील, तर मधुमेहासारखी सर्व नसांची व्याधी आधी विचारात घ्यावी.

चाचणी किती दिवसांनी झाली, हेही पाहावे. नस पूर्ण तुटली तरी खालचा भाग पहिले काही दिवस संदेश वाहतोच. त्या वेळी केलेला रिपोर्ट हुबेहूब ब्लॉकसारखा दिसतो आणि रुग्णाला खोटा दिलासा मिळतो. मोटर आकडा सुमारे आठवड्याभरात पडतो, सेन्सरी दहा-अकरा दिवसांत, तर ईएमजीतील बदलांना दोन-तीन आठवडे लागतात. दुसरा घोळ शॉकचा. गुडघ्यामागे नस खोल असते, शॉक अपुरा पडला तर आकडा खोटाच कमी येतो. शंका आली तर चांगल्या पायाच्या आकड्यांशी ताडून पाहावे. पाय गार असला तरी वेग मंदावतो.

नस फिब्युलाच्या मानेपाशी जाड लागली, तर उकिडवे बसण्याला दोष देऊन थांबू नये. कुष्ठरोग हीच जागा धरतो. त्यात सेन्सरी संकेत बहुधा लवकर जातो, कोपरापाशी अल्नर नसही मंद सापडू शकते, आणि अंगावरचे बधिर चट्टे शोधावेच लागतात; औषधे वेळेत सुरू झाली तर पुढच्या नसा वाचतात.