पहिलं बचत खातं उघडताना : व्याजावर व्याज नेमकं कधी लागतं?

आमच्या कार्यालयात खात्याचा फॉर्म भरायला येणारी दहावी-अकरावीची मुलं हमखास विचारतात, "काका, चक्रवाढ म्हणजे पैसे रोज वाढतात ना?" अर्धं बरोबर आहे. व्याज रोज मोजलं जातं, पण मुद्दलात रोज मिसळत नाही.

समज, १ जानेवारीला तू १०,००० रुपये भरलेस आणि दर ३ टक्के आहे. वर्षाचे ३०० रुपये, म्हणजे दिवसाला साधारण ८२ पैसे. बँक दिवसअखेरची शिल्लक बघून हे ८२ पैसे बाजूला मोजून ठेवते. बहुतेक बँका ते तिमाहीला खात्यात टाकतात. मार्चअखेर, ९० दिवसांचे, जवळपास ७४ रुपये जमा होतात आणि शिल्लक १०,०७४ होते.

चक्र फिरतं ते इथून. एप्रिल ते जूनचं व्याज १०,०७४ वर लागेल. ते ७४ रुपये तू काढून खाऊला उडवलेस, तर पुन्हा १०,००० वरच. फरक किती? ५५ पैसे. हसू नकोस, बचत खात्यात चक्रवाढ अशीच मुंगीच्या पावलांनी चालते.

आई-बाबा कदाचित सांगतील, "दहा तारखेच्या आत पैसे भर, नाहीतर महिन्याचं व्याज बुडेल." त्यांच्या काळी ते खरं होतं. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज देत. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मिळतं, त्यामुळे २० तारखेला भरलेले पैसेही त्याच दिवसापासून मोजले जातात.

मुंगीला पळवायचं असेल तर दर आणि वर्षं, दोन्ही वाढायला हवीत. लगेच न लागणारे १०,००० रुपये १० वर्षांसाठी मुदत ठेवीत टाकलेस आणि दर साडेसहा टक्के धरला (हा फक्त हिशेबापुरता, खरा दर त्या दिवशी बँकेत विचार), तर दर तिमाहीला व्याज हातात घेतल्यास एकूण ६,५०० रुपये मिळतील. तेच व्याज ठेवीतच राहू दिलंस, तर मुदतीअंती सुमारे १९,०५६ रुपये होतील, म्हणजे व्याज ९,०५६. दर तोच, मुदत तीच. वरचे अडीच हजार निव्वळ व्याजावरचं व्याज. मात्र ठेव मधेच मोडली तर सहसा व्याज कमी दराने मिळतं आणि वर दंडही बसू शकतो. म्हणून लागणारे पैसे बचत खात्यातच असू दे.

ठेवीच्या फॉर्मवर व्याज कधी हवं, असा रकाना असतो. घाईत बरेच जण तिथे "तिमाही" वर खूण करतात. तुला चक्रवाढ हवी असेल तर "मुदतीअंती" वर कर, आणि पावती हातात आली की त्यावरची मुदतीअंतीची रक्कम तिथेच उभं राहून वाच.