मर्यादा कोणाची? एच-१बीवर आलेल्यांसाठी कंपनीच्या हेल्थ प्लॅनचं गणित

पुण्याहून किंवा नाशिकहून नुकतेच अमेरिकेत आलेले ग्राहक आम्हाला पहिला प्रश्न हमखास असा विचारतात : "कव्हर कितीचं आहे?" आपल्याकडच्या मेडिक्लेमची ती सवय. पाच लाखांचं कव्हर म्हणजे पाच लाखांपर्यंत विमा कंपनी भरणार आणि त्यावरचं आपण. इथल्या नोकरीतल्या प्लॅनमध्ये हे नेमकं उलटं असतं. मर्यादा विमा कंपनीच्या खर्चावर नसते, तुमच्या खर्चावर असते. वर्षभरात तुमच्या खिशातून अमुक इतके डॉलर गेले, की त्यापुढचं नेटवर्कमधलं, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांचं, प्लॅनमध्ये बसणारं बिल पूर्णपणे प्लॅनचं. या आकड्याला इथे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणतात. या माहितीपत्रकात आपण त्याला "खिशाची मर्यादा" म्हणू.

ही मर्यादा किती असावी याची कमाल कायद्यानेच ठरवली आहे. २०२६ मध्ये ती एका माणसासाठी १०,६०० डॉलर आणि कुटुंबासाठी २१,२०० डॉलर आहे. तुमच्या कंपनीचा आकडा यापेक्षा कमी असू शकतो, जास्त असू शकत नाही. कुटुंबाच्या प्लॅनमध्येसुद्धा एकाच माणसाकडून त्या १०,६०० पेक्षा जास्त घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रीमियम : पगाराच्या स्लिपवर दिसतो तो फक्त तुमचा वाटा

प्लॅनचा पूर्ण प्रीमियम बराच मोठा असतो. २०२५ मधल्या एका देशव्यापी सर्वेक्षणात नोकरीतल्या कुटुंब-प्लॅनचा सरासरी वार्षिक प्रीमियम २६,९९३ डॉलर निघाला. त्यातले कर्मचाऱ्याने सरासरी ६,८५० भरले, बाकीचे कंपनीने. तुमच्या स्लिपवर दर पंधरवड्याला कापलेली रक्कम ही या आपल्या वाट्याची. कंपनी आपला वाटा किती उचलते हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यासाठी हात सैल सोडतात आणि बायको-मुलांच्या वेळी आखडतात. म्हणून ऑफर लेटरमधलं "हेल्थ इन्शुरन्स मिळेल" हे वाक्य वाचून खूश होऊ नका. "कुटुंबासह माझा वाटा दर पगाराला किती?" असं थेट विचारा. आणि एक हक्काची गोष्ट : एच-१बी देणाऱ्या कंपनीला तुम्हाला त्याच अटींवर लाभ द्यावे लागतात, ज्या अटींवर ती इथल्या तशाच कर्मचाऱ्यांना देते. "व्हिसावाल्यांसाठी वेगळा प्लॅन" असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

हा वाटा बहुतेक ठिकाणी कर लागण्याआधीच्या पगारातून कापला जातो. त्याचा परिणाम पुढच्या उदाहरणात दिसेल, कारण तिथे त्याने निकालच फिरवला.

एक घर, दोन प्लॅन

समजा न्यू जर्सीत राहणारं एक जोडपं आहे. नवरा एच-१बीवर, पगार दीड लाख डॉलरच्या आसपास; बायको एच-४ वर, तिला नोकरी नाही, आणि घरात बाळ येणार आहे. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण आमच्या टेबलावर येणाऱ्या कागदांच्या जवळपासचेच.

पहिला प्लॅन महाग. कुटुंबासाठी दर पंधरवड्याला २९० डॉलर, म्हणजे २६ पगारांत ७,५४०. डिडक्टिबल, म्हणजे प्लॅनने हात घालण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, दर माणशी १,०००. त्यानंतरच्या खर्चात तुमचा वाटा २० टक्के. यालाच को-इन्शुरन्स म्हणतात. खिशाची मर्यादा माणशी ४,०००, कुटुंबाची ८,०००.

दुसरा स्वस्त. दर पंधरवड्याला १३०, म्हणजे वर्षाला ३,३८०. डिडक्टिबल माणशी ३,०००, पुढे तेच २० टक्के. खिशाची मर्यादा माणशी ७,५००, कुटुंबाची १५,०००.

प्रसूती साधी झाली. नेटवर्कच्या ठरलेल्या दराने आईचं बिल १८,००० आणि बाळाचं ४,००० आलं असं धरू. बाळाचं बिल वेगळं येतं, आणि जन्मल्या दिवसापासून त्याचं डिडक्टिबलही वेगळं असतं. अनेकांना याचा पहिला धक्का बसतो.

महाग प्लॅनमध्ये आईचे आधी १,०००, मग उरलेल्या १७,००० चे २० टक्के म्हणजे ३,४००. बेरीज ४,४००, पण मर्यादा ४,००० ची, म्हणून ४,००० वर थांबलं. बाळाचे १,००० आणि ३,००० चे २० टक्के ६००, म्हणजे १,६००. एकूण ५,६००. स्वस्त प्लॅनमध्ये आईचे ३,००० अधिक १५,००० चे २० टक्के ३,०००, म्हणजे ६,०००. बाळाचे ३,००० अधिक २००, म्हणजे ३,२००. एकूण ९,२००.

आता प्रीमियम मिळवा. महाग प्लॅन १३,१४०, स्वस्त प्लॅन १२,५८०. म्हणजे प्रसूतीच्या वर्षातही स्वस्तच बरा? कागदावर तसं दिसतं खरं. पण दोन प्रीमियममधला ४,१६० चा फरक करपूर्व पगारातून जातो. या घराला २२ टक्के फेडरल कर आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर लागतो, म्हणून हातात येणाऱ्या पगारात तो फरक सुमारे २,९२५ चाच पडतो. उलट दवाखान्याची बिलं कर भरून उरलेल्या पैशातून जातात, आणि तिथे फरक ३,६०० चा आहे. म्हणजे महाग प्लॅन पावणेसातशे डॉलरने सरस ठरला. (राज्याचा कर मुद्दाम सोडला आहे. न्यू जर्सी ही प्रीमियमची सूट मानत नाही.)

बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं तर? बाळाचं बिल साठ हजार असो की दोन लाख, आईच्या वाट्यासह महाग प्लॅनमध्ये खिशातून ८,००० आणि स्वस्तमध्ये १३,५०० जातात. आणि वर्षभर कुणी आजारीच पडलं नाही तर स्वस्त प्लॅनमध्ये हातात तेच सुमारे २,९२५ वाचतात. प्लॅन निवडताना ही तीन वर्षं मांडून बघा : निरोगी, अपेक्षित आणि वाईट. नुसत्या प्रीमियमकडे बघून निवडलेले प्लॅन आम्ही फेब्रुवारीत पस्तावलेल्या चेहऱ्यांसह परत बघतो.

मर्यादेत काय मोजलं जात नाही

वरचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे : उपचार नेटवर्कमध्ये झाले. खिशाच्या मर्यादेत प्रीमियम धरत नाहीत. प्लॅनमध्ये न बसणारे उपचार धरत नाहीत. आणि नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं बिल कायद्याच्या मर्यादेत येत नाही. काही प्लॅन त्याला वेगळी, मोठी मर्यादा लावतात, काही मुळीच लावत नाहीत. पीपीओ प्लॅन नेटवर्कबाहेरचा काही भाग तरी भरतो. एचएमओ आणि ईपीओ तातडीचे उपचार सोडले तर सहसा काहीच भरत नाहीत.

दवाखान्यात फोन करून "तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का?" असं विचारू नका. "हो, घेतो" हे उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं, कारण घेणं म्हणजे क्लेम पाठवणं. एकाच विमा कंपनीची अनेक नेटवर्क असतात. कार्डावर छापलेलं नेटवर्कचं नाव वाचून दाखवा आणि विचारा, "या नेटवर्कमध्ये हे डॉक्टर, याच पत्त्यावर, इन-नेटवर्क आहेत का?" मग विमा कंपनीलाही तेच विचारा आणि फोनचा संदर्भ क्रमांक, तारीख लिहून ठेवा.

१ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस कायदा लागू आहे. तातडीच्या उपचारांत, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे निघाले, तर तुमच्याकडून नेटवर्कच्या दरानेच वाटा घ्यावा लागतो. पण त्याला भोकं आहेत. रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स त्यात नाही. डॉक्टरांच्या साध्या क्लिनिकमध्ये घेतलेलं रक्त बाहेरच्या लॅबला गेलं, तर तेही सहसा सुटतं. म्हणून रक्त देताना "लॅब कोणती?" हा एक प्रश्न विचाराच. आणि नियोजित उपचारांआधी "मला माहीत आहे की हे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे आहेत" अशा अर्थाच्या फॉर्मवर सही मागितली, तर न वाचता करू नका. काही सेवांमध्ये त्या सहीने कायद्याचं संरक्षण तुम्ही स्वतःच सोडता.

बिल आलं म्हणून लगेच पैसे पाठवू नका. आधी विमा कंपनीकडून ईओबी येतो, हिशेबाचा कागद. त्यातली "तुमचा वाटा" ही ओळ आणि बिलाची रक्कम जुळली तरच भरा.

मध्येच नोकरी बदलली तर

एच-१बीवाल्यांचं इथे खास नुकसान होतं, कारण आपण नोकऱ्या वर्षाच्या मध्यात बदलतो. खिशाचं मीटर त्या प्लॅनचं असतं, तुमचं नव्हे. आमच्या एका ग्राहकाची जूनपर्यंत ४,००० ची मर्यादा भरून झाली होती. ऑगस्टमध्ये ट्रान्सफर झाली आणि सप्टेंबरमधल्या शस्त्रक्रियेला नव्या प्लॅनचं मीटर शून्यापासून सुरू झालं. नव्या एचआरला "डिडक्टिबल क्रेडिट देता का?" असं विचारून ठेवा, सहसा नाहीच म्हणतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरा मार्ग कोब्राचा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडल्यावर जुना प्लॅन साधारण १८ महिने पुढे चालवता येतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा आणि वर २ टक्के. सरासरी कुटुंब-प्लॅन धरला तर महिन्याला सुमारे २,३०० डॉलर. शस्त्रक्रिया महिना-दोन महिन्यांत ठरलेली असेल आणि जुनी मर्यादा भरलेली असेल, तर ते नव्या प्लॅनच्या डिडक्टिबल आणि वाट्याशी ताडून बघा. निर्णयाला किमान ६० दिवस मिळतात आणि कव्हर जुन्या तारखेपासून धरलं जातं. नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारे कमाल ६० दिवस वेगळे. दोन्ही मुदती एकच समजून लोक घोळ करतात.

बाळ जन्मल्यावर प्लॅनमध्ये नाव घालायला बहुतेक ठिकाणी ३० दिवस मिळतात, लग्नालाही तेवढेच. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघत बसू नका. नाव आधी घाला, नंबर नंतर द्या. लग्न भारतात झालं आणि जोडीदार चार महिन्यांनी एच-४ वर येणार असेल, तर एचआरला लग्नाच्या आठवड्यातच लिहा. इथे पोहोचण्याच्या तारखेला नाव घालता येईल की नाही, हे तुमच्या प्लॅनच्या नियमांवर अवलंबून असतं. पाहुणे म्हणून येणारे आई-बाबा मात्र या प्लॅनमध्ये सहसा बसत नाहीत.

आमच्याकडे येताना दोन्ही प्लॅनचा समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज हा कागद, शेवटची पगाराची स्लिप आणि यंदाचे ईओबी घेऊन या. समरीच्या शेवटी प्रसूतीचं एक तयार उदाहरण छापलेलं असतं. दोन प्लॅनचे ते उदाहरण शेजारी ठेवून आपण सुरुवात करू.