पाच वर्षांनंतरचं ‘अनंत’: प्रकल्पाच्या मूल्याचा पाऊण हिस्सा येतो कुठून?

समजा, सांगली जिल्ह्यात पनीर आणि चीज बनवणारा एक दूध प्रक्रिया प्रकल्प उभा करायचा आहे. खर्च १२० कोटी रुपये. सगळे खर्च, कर आणि नवी गुंतवणूक वजा जाता पहिल्या पाच वर्षांत हातात उरणारी रोकड अनुक्रमे ६, ८, १०, ११ आणि १२ कोटी धरली आहे. यातले आकडे मी सोयीसाठी मांडलेले आहेत, पण बँकेकडे किंवा संचालक मंडळापुढे जाणाऱ्या खऱ्या प्रकल्पांची चण साधारण अशीच असते.

पाच वर्षांची बेरीज होते ४७ कोटी. म्हणजे घातलेल्या १२० कोटींच्या निम्मीसुद्धा नाही. शिवाय पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. या धंद्यातली जोखीम पाहता गुंतवणूकदाराला वर्षाला १२ टक्के परतावा हवा असेल, तर चक्रवाढ व्याजाचं गणित उलटं चालवून प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या किमतीत आणावी लागते. तसं केल्यावर ४७ कोटींचे उरतात ३२.७ कोटी. तरीही याच प्रकल्पाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, जवळपास १५ कोटींनी अधिक दाखवता येतं. ही किमया टर्मिनल व्हॅल्यूची, म्हणजे पाच वर्षांनंतरच्या सगळ्या रोकडीला एकत्र लावलेल्या किमतीची.

प्रकल्प पाचव्या वर्षी बंद पडत नाही. दूध येत राहतं, चीज विकलं जातं. पण सहाव्या, सोळाव्या, चाळिसाव्या वर्षाचे स्वतंत्र अंदाज बांधणं शक्य नसतं. म्हणून पाचव्या वर्षाच्या शेवटी एक रेघ मारतात आणि म्हणतात: इथून पुढे रोकड दरवर्षी ठरावीक दराने वाढत राहील, कायमची. अशा न संपणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या मालिकेला वाढती परपेच्युइटी म्हणतात. मालिका अनंत असली तरी तिची आजची किंमत अनंत नसते. रोकड ५ टक्क्यांनी वाढते आणि वर्तमान मूल्य काढताना ती दरवर्षी १.१२ ने भागली जाते, म्हणून प्रत्येक पुढची संज्ञा आधीच्या ०.९३७५ पट होते. शाळेत शिकलेली भूमिती श्रेढी ती हीच. तिची बेरीज एका ओळीत मावते:

TV = CF × (1 + g) ÷ (r − g)

इथे CF म्हणजे शेवटच्या वर्षाची रोकड, r म्हणजे अपेक्षित परतावा आणि g म्हणजे कायमचा वाढीचा दर. आपल्या प्रकल्पात १२ गुणिले १.०५ म्हणजे १२.६ कोटी, त्याला ७ टक्क्यांनी भागलं की १८० कोटी. ही किंमत पाचव्या वर्षाच्या शेवटची आहे, म्हणून ती पाच वर्षं मागे आणायची. अंशात सहाव्या वर्षाची रोकड असल्यामुळे अनेक जण इथे सहा वर्षं मागे जातात आणि एका वर्षाचं मूल्य नकळत गमावतात. बरोबर उत्तर येतं १०२.१ कोटी. त्यात आधीचे ३२.७ मिळवले की १३४.८ कोटी. त्यातून १२० वजा केले की एनपीव्ही अधिक १४.८ कोटी.

एकूण मूल्यातले ७६ टक्के आले ते रेघेच्या पलीकडून. हे पाहून काही जण सगळा हिशेबच बाद ठरवतात. मला ते योग्य वाटत नाही. तीच ५ टक्के वाढ गृहीत धरून रेघ पाचव्याऐवजी दहाव्या वर्षी मारली, तर टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा ५५ टक्क्यांवर येतो, आणि एकूण मूल्य मात्र १३४.८ कोटीच राहतं. म्हणजे वाटा किती, हे आपण रेघ कुठे मारली त्यावर ठरतं. शिवाय ‘अनंत’ हा शब्द वाटतो तितका दूरचा नाही. या टर्मिनल व्हॅल्यूचा जवळपास निम्मा भाग रेघेनंतरच्या पहिल्या दहा वर्षांतून येतो आणि ८० टक्के भाग पहिल्या पंचवीस वर्षांतून. तीनशे वर्षांनंतरच्या चीजविक्रीला या हिशेबात काडीचंही वजन नाही.

खरी अडचण छेदात आहे. r आणि g हे दोन्ही अंदाज, आणि छेदात त्यांची वजाबाकी. दोन मोठ्या अंदाजांमधला छोटासा फरक, त्यामुळे कुठलाही एक जरासा हलला तरी फरक खूप हलतो. g ५ ऐवजी ६ टक्के धरा, एनपीव्ही १४.८ वरून ३२.९ कोटींवर जातं. ४ टक्के धरा, ते १.२ कोटींवर येतं. ३ टक्के धरा, तर उणे ९.४ कोटी. g तोच ठेवून अपेक्षित परतावा १२ चा १३ टक्के केला तरी उत्तर उणे २.८ कोटी होतं. आता याची तुलना पहिल्या पाच वर्षांशी करा. दुधाचा भाव, वीज, मजुरी, विक्री यांवर महिनोन्महिने खपून केलेले ते पाच आकडे सगळेच्या सगळे १० टक्क्यांनी चुकले आणि टर्मिनल व्हॅल्यू जागची हलली नाही, तर फरक पडतो सव्वातीन कोटींचा. एका खान्यात ५ च्या जागी ४ लिहिल्याने पडतो साडेतेरा कोटींचा. बैठकीत चर्चा मात्र बहुतेक वेळा विजेच्या बिलावर होते.

पाचव्या वर्षाचा आकडाही म्हणूनच नाजूक असतो, कारण पुढच्या सगळ्या वर्षांची मोजणी त्याच्यापासून सुरू होते. दूध भुकटीचे भाव चढलेलं, नफा फुगलेलं वर्ष जर शेवटचं वर्ष म्हणून घेतलं, तर ती तेजी कायमची धरली जाते.

g ला वरची मर्यादा असते. अर्थव्यवस्थेपेक्षा जास्त दराने कायम वाढणारा प्रकल्प एक ना एक दिवस अर्थव्यवस्थेपेक्षा मोठा होईल, आणि ते अशक्य आहे. तसंच r मध्ये महागाई धरली असेल तर g मध्येही ती धरायला हवी. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, त्यामुळे ५ टक्के वाढ म्हणजे महागाई वगळून साधारण एक टक्का खरी वाढ. ऐकायला हा आकडा अगदी माफक वाटतो. पण अजिबात वाढ नसलेल्या मालिकेचं काय होतं, हे एका खऱ्या कागदावरून कळतं. नेदरलँड्समधल्या एका जलमंडळाने १६४८ मध्ये बंधाऱ्याच्या कामासाठी मुदत नसलेला रोखा काढला. आज तो येल विद्यापीठाकडे आहे आणि अजूनही त्यावर व्याज मिळतं: वर्षाला ११ युरो ३५ सेंट. मालिका कायम आहे, पण तिच्यात वाढ नसल्यामुळे महागाईने तिची किंमत जवळपास पुसून टाकली आहे. म्हणजे g शून्य धरणं हीसुद्धा सावधगिरी नसते. चीजचा भाव पुढची शंभर वर्षं एका पैशानेही वाढणार नाही, असं ते विधान असतं.

मग g नेमका किती धरायचा? माझ्या मते त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न बहुतेक आराखड्यांत सुटून जातो: ही वाढ कोणत्या पैशाने होणार? सूत्रात g फुकट मिळतो. प्रत्यक्षात जास्त चीज विकायचं तर आणखी टाक्या, शीतगृहं, गाड्या लागतात, आणि वाढीव माल उधारीवर गेला की त्यातही पैसा अडकतो. हा पैसा नफ्यातूनच काढावा लागतो.

समजा, सहाव्या वर्षी करोत्तर नफा १८ कोटी आहे. आपण मोकळी रोकड १२.६ कोटी धरली होती, म्हणजे ५.४ कोटी, नफ्याचे ३० टक्के, धंद्यात परत घातले. नफ्याचे ३० टक्के घालून नफा ५ टक्क्यांनी वाढत असेल, तर त्या नव्या पैशावरचा परतावा ५ भागिले ०.३०, म्हणजे १६.७ टक्के. १२ टक्क्यांची अपेक्षा असलेल्या धंद्यात प्रत्येक नवा रुपया कायम १६.७ टक्के कमावत राहील, असं आपण कुठेही न लिहिता मान्य केलेलं असतं.

आता असं धरा की स्पर्धा वाढली, दूध खरेदीचे भाव चढले आणि नव्या गुंतवणुकीवर १२ टक्केच मिळू लागले. ५ टक्के वाढीसाठी आता १८ पैकी ७.५ कोटी परत घालावे लागतील, उरतील १०.५ कोटी. त्यांना ७ टक्क्यांनी भागलं की १५० कोटी. वाढ ३ टक्केच धरली तर ४.५ कोटी पुरतात, उरतात १३.५ कोटी, त्यांना ९ टक्क्यांनी भागलं की पुन्हा १५० कोटी. वाढ शून्य धरली तर १८ भागिले १२ टक्के, तरीही १५० कोटी. मघाशी एनपीव्हीला वर-खाली झुलवणारा g आता निष्प्रभ झाला. जो पैसा जितका महाग पडतो तितकंच कमावतो, तो कितीही वाढवला तरी मूल्यात भर पडत नाही. या गृहीतकावर आपल्या प्रकल्पाचं एनपीव्ही उणे २.२ कोटी येतं.

एखाद्या आराखड्यात ही चूक झाली आहे का, हे एक्सेलच्या शेवटच्या स्तंभात सापडतं. तिथला भांडवली खर्च घसाऱ्याइतकाच किंवा त्याहून कमी दाखवला असेल आणि वाढ मात्र ५ टक्के असेल, तर यंत्रं न घेता उत्पादन कायम वाढणार असं त्यात गृहीत आहे. तीन-चार वेळा g बदलून पाहण्यापेक्षा हा एक स्तंभ तपासण्यात जास्त हाती लागतं. मुदतीच्या हक्कांना, जसं रस्त्यावरचा पथकर किंवा खाणीचा पट्टा, परपेच्युइटी मुळातच लावता येत नाही; तिथे मुदत संपेपर्यंतची वर्षं एकेक करूनच मोजावी लागतात.

दूध प्रकल्पाचं उत्तर १८० आणि १५० कोटी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. १६.७ टक्क्यांचा परतावा पाचव्या वर्षानंतर आणखी दहा वर्षं टिकला आणि मग नवी गुंतवणूक १२ टक्क्यांवर आली, तर टर्मिनल व्हॅल्यू १६४ कोटी होते आणि एनपीव्ही अधिक ५.९ कोटी. प्रकल्प ना नफा ना तोटा या पातळीवर येण्यासाठी हा जादा परतावा रेघेनंतर दोन वर्षांहून किंचित जास्त, म्हणजे आठव्या वर्षापर्यंत टिकावा लागतो. g ४ धरायचा की ५ यावर संचालकांचं एकमत होणं अवघड असतं. पण शेजारच्या तालुक्यात दुसरं चीज युनिट उभं राहायला किती वर्षं लागतील आणि आपले दूध उत्पादक तोवर आपल्याकडेच राहतील का, यावर त्या परिसरातल्या माणसांना बरंच काही ठामपणे सांगता येतं.