मागे-पुढे सांगितलेली गोष्ट तारीखवार कशी लावतो

आठवणींची वही किंवा कादंबरीचं हस्तलिखित आमच्याकडे आलं की आम्ही आधी काही हलवत नाही. प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी करतो. तिच्यावर पान क्रमांक आणि काळ सांगणारे शब्द जसेच्या तसे उतरवतो. काम किती नाजूक असतं ते पुढच्या नमुन्यात दिसेल.

"किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे नाना जागेच होते. पानशेतचं पाणी आलं होतं तेव्हा ते आठवीत होते. अप्पांनी दोन वर्षांपूर्वीच दुकान विकलं होतं. नाना खिडकीपाशी गेले."

दोन तारखा पक्क्या आहेत: ३० सप्टेंबर १९९३ आणि १२ जुलै १९६१. पण 'दोन वर्षांपूर्वी' म्हणजे कुठून मोजायचं? १९९३ पासून मोजलं तर १९९१, पुरापासून मोजलं तर १९५९. पुढे चाळीस पानांनी एक वाक्य सापडतं: कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या आठवड्यात अप्पांचं वर्षश्राद्ध झालं. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते (अधिक महिना मध्ये आला नाही तर), म्हणजे अप्पा डिसेंबर १९६६ च्या मध्याला गेले. १९९१ बाद.

खिडकीपाशी गेलेले नाना मात्र आठवीतले की पंचेचाळिशीतले? मागची आठवण 'होतं'ने उघडते, पण लिहिणारा लवकरच साध्या भूतकाळात उतरतो आणि परत कधी आला ते कळत नाही. मुलाला 'तो' म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. अशा जागी आम्ही तर्क लढवत नाही, तुम्हाला फोन करतो. नमुन्यापुरतं उत्तर 'पंचेचाळिशीतले' असं धरू.

१९५९, अंदाजे: अप्पांनी दुकान विकलं.
१२ जुलै १९६१, नक्की: पूर, नाना आठवीत.
डिसेंबर १९६६, हिशेबाने: अप्पांचं निधन.
३० सप्टेंबर १९९३, नक्की: पहाटे नाना जागे, खिडकीपाशी.

क्रम लावल्यावर मजकुरातले 'आज', 'काल' बदलून 'त्या दिवशी', 'आदल्या दिवशी' करावे लागतात. 'दर रविवारी आजोळी जायचो' अशा वाक्याला एक तारीख देत नाही, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते लिहितो.

वय जुळलं नाही तर शाळेच्या दाखल्यावर लगेच भरवसा ठेवू नका. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहिली आहे. घरी पत्रिका किंवा बारशाची नोंद असेल तर तिची झेरॉक्स वहीसोबत द्या. मूळ कागद तुमच्याकडेच राहू द्या.