डॉलर चढला की गोणी आणि पिशवी का चढते?

"रुपया घसरला तर परदेशी फिरणाऱ्यांना भुर्दंड. मी शेतकरी, डॉलर कधी हातात धरला नाही. मला काय फरक पडतो?"

आधी घरातली तेलाची पिशवी बघा. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, पाम तेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. समजा, त्याचा भाव टनाला १००० डॉलरवर स्थिर आहे. डॉलर ८० रुपयांना असताना किलोला ८० रुपये पडतात, ९० ला गेला की ९०. तिकडे भाव जराही हललेला नसतो. वर आयात शुल्क टक्क्यांत, म्हणजे तेही फुगलेल्या रकमेवर बसतं.

खताचं गणित वेगळं आहे, आणि मला वाटतं गैरसमज तिथेच रुजला. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांनाच मिळते, कारण किंमत सरकारनं बांधलेली आहे. वाढीव खर्च अनुदानातून, म्हणजे तिजोरीतून जातो. पालाश मात्र जवळपास सगळं आयातीचं. त्यावर आणि १०:२६:२६ सारख्या खतांवर अनुदान ठरावीक असतं. ते वाढलं नाही, तर डॉलरचा भार गोणीच्या छापील किमतीत उतरतो.

मग शेतकरी पालाश कमी करतो आणि स्वस्त युरिया वाढवतो. ऊस हिरवागार दिसतो, पण खालच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागतात. ही पालाश कमी पडल्याची खूण. तोपर्यंत त्या हंगामाच्या उताऱ्याला फटका बसलेला असतो.